जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, मग तेच लोखंडाला कसं वाचवतं? (दहावी, धातुविज्ञान)

शेवंती
लेक दहावीला आहे. सराव परीक्षेत प्रश्न होता : "लोखंडी वस्तूंवर जस्ताचा थर देतात. शास्त्रीय कारण लिहा." तिने लिहिलं, "जस्ताच्या थरामुळे हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही, म्हणून गंज चढत नाही." दोनपैकी एकच गुण मिळाला आणि शेजारी शेरा, "अपूर्ण".

घरी येऊन तिने मलाच धारेवर धरलं. म्हणे, क्रियाशीलता श्रेणीत जस्त लोखंडाच्या वर आहे, म्हणजे ते आधी खराब व्हायला हवं. जे स्वतःच आधी खराब होणार ते दुसऱ्याला काय वाचवणार? शिवाय बादलीला पोचे पडतात, ओरखडे उठतात, तरी तिथे लगेच गंज दिसत नाही, तो का? मी वाणिज्य शाखेची, मला उत्तर देता आलं नाही. तिची आणखी एक शंका आहे. पुस्तकात जस्त कोळशाने काढतात असं आहे आणि तिने कुठेतरी वाचलं की आता ते विजेने काढतात. परीक्षेत काय लिहायचं?

अण्णा_बार्शी
ताई, मुलीचं उत्तर बरोबरच आहे. थर म्हणजे पांघरूण. रंग द्या, तेल लावा, जस्त द्या नाहीतर कथिल द्या, तत्त्व एकच, हवा-पाण्याला आत येऊ द्यायचं नाही. आम्ही शाळेत हेच लिहायचो आणि पूर्ण गुण मिळायचे. गुणांसाठी शिक्षकांना जाऊन भेटा.

जस्तवाला
अण्णा, पांघरुणाची बाजू खरी आहे, पण ती अर्धी. मी तळोज्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं जस्ताच्या कढईपाशी काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रंगाच्या थराला ओरखडा पडला की गंज त्या फटीतून आत शिरतो आणि रंगाखाली पसरत जातो. थोड्या दिवसांनी रंगाचे फुगे येतात. जस्ताच्या थराला ओरखडा पडला तर असं होत नाही. पाण्याचा थेंब त्या ओरखड्यावर बसला की तिथे एक छोटा विद्युत घट तयार होतो : एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला उघडं पडलेलं लोखंड, मध्ये ओलावा. इलेक्ट्रॉन सोडण्याची जस्ताची ओढ जास्त, म्हणून ते विरघळतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडाकडे जातात. लोखंडाला स्वतःचे इलेक्ट्रॉन द्यावेच लागत नाहीत, म्हणून ते तसंच राहतं. तुमच्या लेकीला जी अडचण वाटली, तेच उत्तर आहे. जस्त जास्त क्रियाशील आहे म्हणूनच ते वाचवतं.

तिचा पुढचा प्रश्न असा येईल की मग जस्त झपाट्याने संपत का नाही. हवेत जस्तावर आधी हायड्रॉक्साइड बनतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं राखाडी, घट्ट चिकटणारं कार्बोनेट होतं. नवी बादली चकचकीत असते आणि वर्षभरात मातकट करडी होते, ती याच थरामुळे. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो आणि खपल्या होऊन पडतो. जस्ताचा हा थर बसून राहतो. म्हणून समुद्रापासून लांबच्या गावात उघड्यावरचं जस्त वर्षाला एक मायक्रॉनसुद्धा झिजत नाही.

परीक्षेसाठी दोन वाक्यं पुरेत. पहिलं तिने लिहिलेलंच. दुसरं : "थराला चरा पडला तरी लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असलेल्या जस्ताचे आधी ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे लोखंडाचे क्षरण होत नाही." राहिलेला गुण याच वाक्याचा होता.

अण्णा_बार्शी
हे मला खरंच माहीत नव्हतं. मग कथिलाचंही तसंच ना? तेलाच्या डब्याच्या पत्र्याला कथिलच असतं.

जस्तवाला
नाही, तिथे उलट होतं. श्रेणीत कथिल लोखंडाच्या खाली आहे. थर अखंड असेपर्यंत तो फार छान राखण करतो, पण खरचटला की त्या घटात विरघळण्याची पाळी लोखंडाची. आणि भोवती कथिलाचा मोठा पृष्ठभाग असल्यामुळे त्या चिमुकल्या उघड्या जागेवर सगळा भार येतो. तेलाचा रिकामा डबा पावसात पडला की जिथे घासला गेला असेल तिथे आधी लाल ठिपके आणि मग आरपार भोक, हे तुम्ही पाहिलं असेल.

आमरस_डबा
यात एक भर घालते. मी रत्नागिरीत फळांचा गर डबाबंद करण्याच्या कामात आहे. डब्याच्या बाहेरच्या बाजूला जस्तवाल्यांनी सांगितलं तसंच होतं. बंद डब्याच्या आत मात्र चित्र उलटतं. आत ऑक्सिजन जवळपास नसतो आणि फळातली आम्लं विरघळलेल्या कथिलाला धरून ठेवतात. त्यामुळे तिथे कथिलच हळूहळू विरघळतं आणि पोलादाला वाचवतं. डबा उघडला की हवा मिळते आणि कथिल विरघळण्याचा वेग वाढतो. म्हणून उघडलेला गर डब्यातच ठेवून फ्रिजमध्ये सारू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. दहावीच्या पेपरात हे लिहायचं नाही, पण श्रेणीतली जागा ही ठरावीक परिस्थितीतली असते आणि भोवतालचं द्रावण बदललं की क्रम बदलू शकतो, हे मुलीला माहीत असलेलं बरं.

पितळी_पातेलं
चर्चा वाचून विचारते. आमच्याकडे सासूबाईंची पितळेची पातेली आहेत, कल्हईवाला आता वर्षातून एकदाच येतो आणि दरही खूप सांगतो. कथिलापेक्षा जस्त जास्त चांगलं राखतं असं वर लिहिलंय, तर कल्हई जस्ताची करून घेतली तर जास्त टिकेल का?

जस्तवाला
ताई, कृपा करून असं करू नका. वरची चर्चा लोखंड वाचवण्याची होती. कल्हईचं काम वेगळं आहे, भांड्यातला आंबट पदार्थ पितळेला लागू नये यासाठी ती असते. जस्त आम्लात पटकन विरघळतं, म्हणून आमसुलाचं सार किंवा ताकाची कढी जस्ताच्या थरावर केली तर जस्त पदार्थात उतरेल आणि मळमळ, उलट्या होतील. जीआय बादलीतही आंबट काही ठेवू नये, ते याच कारणाने. तुमच्या पातेल्याला कथिलच हवं.

एक साम्य मात्र सांगतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो आणि पांढरा धूर निघतो ना? तो नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर खातो, म्हणून कथिल धरतं. आमच्याकडेही लोखंड आधी आम्लात धुऊन मग जस्त क्लोराइड आणि नवसागराच्या द्रावणात बुडवतात आणि त्यानंतरच साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात सोडतात. हा टप्पा कच्चा राहिला की त्या जागी जस्त धरत नाही, काळे डाग राहतात. बाहेर काढल्यावर पहिली नजर त्या डागांवरच जाते.

माडाखाली
मी गुहागरजवळचा. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. गोठ्यावर जीआय पत्रे टाकले, दुकानदाराने वीस वर्षांची खात्री दिली होती. चौथ्या पावसाळ्यात पत्रे लाल झाले. त्यातही वरून कमी आणि पडवीवर पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूने जास्त. वर म्हणताय जस्त वर्षाला एक मायक्रॉनही झिजत नाही. मग मला फसवलं का?

जस्तवाला
दादा, मी "समुद्रापासून लांब" असं लिहिलं होतं. पत्र्याच्या खालच्या बाजूला छापलेलं काही वाचता येतं का? १२०, १८०, २७५ असा आकडा असतो.

माडाखाली
एका पत्र्यावर पुसट १२० दिसतंय.

जस्तवाला
मग आकडेमोड करून बघू. १२० म्हणजे एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला आलं ६०. एक चौरस मीटरवर एक मायक्रॉन जाडीचं जस्त म्हणजे साधारण ७.१ ग्रॅम. साठला ७.१ ने भागा, एका बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आतबाहेर. खाऱ्या हवेत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन जातं, अगदी किनाऱ्यावर त्याहून जास्त. तीन धरलं तरी तीन वर्षांत थर संपला. चौथ्या पावसाळ्यात लाल झालं ते हिशेबाला धरूनच झालं. पत्रा खोटा नव्हता, तो तुमच्या जागेसाठी नव्हता. वीस वर्षांची खात्री देणाऱ्याने तुमचा समुद्र विचारात घेतला नाही.

तुलनेसाठी सांगतो, आम्ही कढईत बुडवलेल्या सहा मिलिमीटरहून जाड लोखंडावर किमान सरासरी ८५ मायक्रॉन थर लागतो. म्हणून विजेचे मनोरे टिकतात. पत्र्यावर एवढा जाड थर देता येत नाही, तो वाकवताना सुटेल.

खालची बाजू आधी गेली त्याचंही कारण आहे. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पुढे आलेल्या भागाच्या खाली पाऊस पोहोचत नाही. तिथे मीठ साठतं, रात्री दव धरतं, आणि क्लोराइडमुळे मी वर म्हटला तो राखाडी कार्बोनेटचा थर नीट बसत नाही. वर माडाच्या झावळ्या, पाचोळा साठून ओला राहत असेल तर तिथेही असंच होईल. तुमच्या जागी मी अ‍ॅल्युमिनिअम-जस्ताचा मिश्र थर आणि वर रंग असलेला पत्रा घेतला असता, आणि दर उन्हाळ्यात खालून एकदा गोड्या पाण्याने धुतला असता.

माडाखाली
हा हिशेब आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. नवे पत्रे आणून मागच्या पावसाळ्यात गोठ्यात एकावर एक रचून ठेवलेत, त्यांवर पांढरी भुकटी आलीय. तेही गेले का?

जस्तवाला
तो पांढरा गंज. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं, हवा मिळाली नाही, म्हणून कार्बोनेट न होता नुसतं पोकळ हायड्रॉक्साइड झालं. ब्रशने घासून बघा. खाली करडं जस्त दिसलं तर पत्रा वापरा. काळपट किंवा लालसर दिसलं तर तेवढा भाग गेला. उरलेले पत्रे आजच उभे करा, एका बाजूला कलते, मध्ये काठ्या घालून.

उदयपूरकर
मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न राहिला : कोळसा की वीज? नोकरीनिमित्त मी उदयपूरला आहे आणि जावर इथून फार लांब नाही. तिथली जुनी जस्ताची भट्टी पाहिल्यावर हा धडा मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळला.

जस्ताचं खनिज म्हणजे बहुतेक वेळा जस्ताचं सल्फाइड. ते भरपूर हवेत भाजलं की ऑक्साइड होतं. पुढे कोळशाने क्षपण, `ZnO + C → Zn + CO`. कागदावर सोपं. गंमत अशी की ही क्रिया नीट चालायला हजार अंशांच्या आसपास किंवा वर तापवावं लागतं आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे लोखंडासारखं ते वितळून तळाशी साठत नाही. ते वाफ होऊन निघतं, आणि त्या वाफेला जरा हवा लागली की पुन्हा पांढरा ऑक्साइड. हाती काहीच येत नाही. तांबं, लोखंड माणसाला हजारो वर्षांपूर्वी साधलं आणि शुद्ध जस्त इतकं उशिरा साधलं, त्याचं कारण हेच.

जावरच्या लोकांनी यावर काढलेला उपाय बघून मी थक्क झालो. वांग्याच्या आकाराची मातीची मूस, तिच्यात खनिज आणि कोळशासारखा पदार्थ, तोंडाला मातीची नळी. मूस भट्टीत उलटी लावायची, तोंड खाली. वरचा भाग जाळात, नळी खालच्या थंड कप्प्यात. वाफ खाली उतरते, हवेला न भेटता थंड होते आणि जस्त थेंबाथेंबाने साठतं. मूस उलटी करताना आतला माल पडू नये म्हणून तोंडात काडी खोचायचे. ती तापल्यावर जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला वाट मोकळी होई. एका भट्टीत अशा ३६ मुशी. बारा-तेराव्या शतकापासून तिथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत होतं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने युरोपात जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. आजही तिथल्या टेकाडांवर वापरलेल्या मुशींचे ढीग आहेत आणि गावातल्या भिंतींतसुद्धा त्या विटांसारख्या बसवलेल्या दिसतात.

शेवंती
हे वाचून दाखवलं तर लेक जेवण सोडून ऐकत बसली. तिचा प्रश्न : मग अ‍ॅल्युमिनिअमसाठीही अशीच मूस का नाही करता येत?

उदयपूरकर
कारण अ‍ॅल्युमिनिअम ऑक्सिजनला जस्तापेक्षा फार घट्ट धरून ठेवतं. कोळशाने तो सोडवायचा तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं, आणि तेवढं करूनही अ‍ॅल्युमिनिअम कार्बनशीच संयोग पावून कार्बाइड होतं. म्हणून अ‍ॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून साधारण साडेनऊशे अंशांना विजेने क्षपण करतात. श्रेणीत वर असलेल्या धातूंना वीज, मधल्यांना कोळसा, हा नियम इथून येतो. परीक्षेत हेच लिहायला सांगा.

आज मात्र जगातलं बरंचसं जस्त विजेनेच निघतं, हे तिने वाचलं तेही खरं. भाजलेलं खनिज गंधकाम्लात विरघळवतात आणि जस्त सल्फेटच्या पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडतात. वितळवावं लागत नाही.

अण्णा_बार्शी
इथे मला अडलं. श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या वर आहे. पाण्यात वीज सोडली तर आधी हायड्रोजन सुटायला हवा. जस्त कसं बसतं?

उदयपूरकर
अण्णा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. श्रेणीप्रमाणे हायड्रोजनच सुटायला हवा. पण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू तयार होण्याची क्रिया फार मंद असते, म्हणून जस्त बाजी मारतं. मात्र द्रावण अतिशय शुद्ध लागतं. अँटिमनी किंवा जर्मेनिअमचा अगदी लेश जरी राहिला तरी त्या जागी हायड्रोजन जोरात सुटू लागतो आणि बसलेलं जस्त पुन्हा विरघळतं. कोणती क्रिया होईल ते श्रेणी सांगते, ती किती वेगाने होईल ते सांगत नाही.

शेवंती
लेकीने घरी प्रयोग केला. एक चमचा मीठ घातलेल्या पाण्याचे तीन ग्लास, तिन्हींत पॉलिश पेपरने घासलेला खिळा. पहिला उघडा, दुसऱ्याला तांब्याची तार गुंडाळली, तिसऱ्याला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली तार. तीन दिवसांनी तिन्ही खिळे सारखेच गंजले! तिसरा अजिबात वाचला नाही. ती फार हिरमुसली आहे. कुठे चुकलं?

जस्तवाला
तिसऱ्या ग्लासातली तार काळसर होती की चंदेरी? आणि तांब्याची तार कुठून काढली?

शेवंती
तार काळी. तांब्याची जुन्या पंख्यातली, लालसर चकचकीत.

जस्तवाला
मग प्रयोग नाही फसला, साहित्य चुकलं. काळी तार म्हणजे सळया बांधायची बाइंडिंग तार, तिच्यावर जस्त नसतंच. दुकानात "जीआय तार" म्हणून मागा, ती पांढरट चंदेरी असते. आणि पंख्याच्या तारेवर वार्निशचा थर असतो, त्यामुळे तांबं खिळ्याला लागलंच नाही. घरच्या वायरिंगचं प्लॅस्टिक सोलून आतली तार घ्या. दोन्ही तारा घट्ट गुंडाळा, धातूला धातू भिडला पाहिजे.

शेवंती
पुन्हा केला. दुसऱ्याच दिवशी तांब्याच्या तारेचा खिळा सगळ्यात जास्त गंजला. जीआयवाला पाण्यात स्वच्छ आहे, तारेवर पांढरं काहीतरी आलंय. पण त्याच खिळ्याचं डोकं, जे पाण्याच्या वर राहिलं, ते गंजलं. जस्त तर त्यालाही गुंडाळलेलं होतं!

जस्तवाला
वर तार सैल आणि विरळ होती का? जस्त जवळ असून भागत नाही, दोघांमध्ये ओलाव्याचा सलग पूल लागतो. पाण्यात तो आहे. वर खाऱ्या पाण्याचे सुटे थेंब चढले, ते लोखंडाला भिजवायला पुरले, जस्तापर्यंत पोहोचले नाहीत. म्हणून बादलीवरचा बारीक चरा वाचतो, पण हाताच्या पंजाएवढा थर निघाला तर मधलं लोखंड गंजतं. हे निरीक्षण प्रयोगवहीत जरूर लिहायला सांगा.

पितळी_पातेलं
एक विचारू? आमच्या इमारतीत गरम पाण्याचे जीआय पाइप गार पाण्याच्या पाइपांपेक्षा फार लवकर गळू लागले. पाणी तेच, पाइप एकाच वेळी टाकलेले.

जस्तवाला
साठ-पासष्ट अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त आणि लोखंडाची अदलाबदल होते, जस्तावरच्या थराचं रूप बदलतं आणि लोखंडच विरघळू लागतं, हे मी कामावर शिकलो. तुमच्याकडे तेच झालं असं मात्र ठामपणे म्हणणार नाही.

उदयपूरकर
मला इथे दुसरी शक्यता जास्त वाटते. गीझरमध्ये तांब्याची टाकी किंवा तांब्याचे जोड असतील तर त्यातून येणाऱ्या पाण्यात तांब्याचा लेश असतो. तो पुढच्या जीआय पाइपात जस्तावर बसतो आणि शेवंतीताईंच्या दुसऱ्या ग्लासासारखे असंख्य छोटे घट तयार होतात. पाइप आतून कापून बघितला का? लालसर तांब्याचे ठिपके आणि त्यांच्याभोवती खड्डे दिसले तर हेच कारण.

पितळी_पातेलं
गीझरचं आत काय आहे ते बघावं लागेल. पाइपचा कापलेला तुकडा प्लंबरकडे आहे, मागवते आणि फोटो टाकते.

माडाखाली
पत्रे उभे केले, घासले, दोन सोडून बाकी सगळे करडे निघाले. आता बसवायला खिळे कुठले घेऊ? घरात पितळेचे स्क्रू पडून आहेत.

जस्तवाला
पितळेचे नको. पितळ म्हणजे निम्म्याहून अधिक तांबंच, खाऱ्या हवेत प्रत्येक स्क्रूभोवती जस्त खाल्लं जाईल. जस्ताचा जाड थर दिलेले लोखंडी स्क्रू घ्या, खाली रबराची चकती असलेले. आणि पत्रा कापलात की लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर राहतो, तो त्याच संध्याकाळी झाडून काढा. नाहीतर पहिल्याच पावसात लाल ठिपके दिसतील आणि पुन्हा वाटेल की पत्राच वाईट निघाला.